"सिरीज कुठे शूट झाली?" या प्रश्नाला दरवेळी मार्क जातायत? आधी पत्ते वेगळे करा

आमच्या सोसायटीच्या गणपतीत चौथ्या दिवशी क्विझ असते आणि सलग तिसऱ्या वर्षी आमची टीम एकाच जातीच्या प्रश्नाला आपटली. यंदाचा प्रश्न असा होता: पंचायत ही वेब सिरीज कुठे शूट झाली? पर्याय चार, बलिया, फुलेरा, सीहोर, मुंबईची फिल्मसिटी. मी सगळे सीझन पाहिलेत, काही एपिसोड दोनदा, त्यामुळे प्रश्न पूर्ण व्हायच्या आत मी बझर दाबून "बलिया" ओरडून मोकळा झालो. वहिनी शेजारून कोपर मारत होती की अरे फुलेरा म्हण, जयपूरकडे जाताना फुलेरा जंक्शन लागतं, मी स्वतः पाटी वाचलीय. दोघंही चुकलो. उत्तर सीहोर, मध्य प्रदेश.

घरी येऊन जरा शांतपणे विचार केल्यावर लक्षात आलं की आपण सिरीज नीट पाहिलेली असते म्हणूनच चुकतो. ज्याने पाहिलेलीच नाही तो निदान अंदाजपंचे तरी मारतो, आपण मात्र गोष्टीतला पत्ता पाठ असल्याच्या जोरावर ठामपणे चूक उत्तर देतो. मग मागच्या तीन वर्षांचे चुकलेले प्रश्न काढले, प्रत्येकात नक्की काय फसलं ते बघितलं, आणि जे हाती लागलं ते इथे लिहितोय कारण हा त्रास फक्त आम्हालाच होतो असं वाटत नाही.

मुळात घोळ असा आहे की एका सिरीजला एक पत्ता नसतोच. गोष्ट जिथे घडते तो एक पत्ता, कॅमेरा बाहेर जिथे लावला तो दुसरा, आणि घराच्या आतले सीन जिथे केले तो बऱ्याचदा तिसराच. क्विझवाला यातला एक विचारतो आणि उरलेले दोन पर्यायात टाकून ठेवतो, वर नकाशात खरंच असलेलं पण सिरीजशी काही संबंध नसलेलं त्याच नावाचं गाव चौथा पर्याय म्हणून. आमच्या प्रश्नात हे सगळं होतं बघा. बलिया हा गोष्टीतला जिल्हा. सिरीजमधलं फुलेरा हे कल्पित गाव, पण त्या नावाचं खरं गाव राजस्थानात जयपूर जिल्ह्यात आहे आणि रेल्वेचं मोठं जंक्शन आहे, वहिनीने वाचलेली पाटी खरीच होती, फक्त तिचा सचिवजींशी काही संबंध नव्हता. फिल्मसिटी हा "सगळं सेटच असतं हो" म्हणणाऱ्या काकांसाठीचा सापळा. आणि सीहोर खरं, कारण शूटिंग झालं ते सीहोर जिल्ह्यातल्या महोडिया नावाच्या गावात, भोपाळपासून साधारण तासाभरावर.

आता हे कळायचं कसं, पाठ नसताना? मला एक गोष्ट उपयोगी पडली ती सांगतो, बाकी सगळं त्यातूनच निघतं.

पडद्यावर दिसणाऱ्या वस्तूंचे मनातल्या मनात दोन ढीग करायचे. कला विभागाला जे एका दिवसात बदलता येतं ते एका ढिगात: दुकानाची पाटी, ग्रामपंचायतीचं नाव, गाडीची नंबर प्लेट, भिंतीवरची जाहिरात, निवडणुकीचं पोस्टर, पात्रांचे कपडे, आणि हो, पात्रांची बोली सुद्धा, कारण ती स्क्रिप्टमधून येते. या ढिगातलं सगळं गोष्टीचा पत्ता सांगतं, शूटिंगचा नाही. दुसऱ्या ढिगात जे कुणाच्या बापाला बदलता येत नाही ते: मातीचा रंग, लांबवर दिसणारी डोंगराची रेघ, झाडं, छपराचा उतार, भिंत कशाने बांधलीय, पावसाने भिंतीवर किती शेवाळ चढवलंय. हा ढीग शूटिंगचा पत्ता सांगतो. आपण बघताना सगळं लक्ष पहिल्या ढिगाकडे देतो कारण दिग्दर्शकाला तेच दाखवायचं असतं.

पंचायतवर हे लावून बघा. "ग्राम पंचायत फुलेरा" हे भिंतीवर रंगवलेलं, म्हणजे पहिला ढीग, बाद. बोलणं पूर्वेकडच्या वळणाचं, बाद. आता शेतातून बाइक जाते ते शॉट आठवा आणि माती बघा. बलिया म्हणजे उत्तर प्रदेशाचं अगदी पूर्व टोक, गंगा आणि घाघरेच्या मधला सपाट गाळाचा प्रदेश, तिथली माती फिकी, भुरकट. सीहोर माळव्याच्या पठारावर, तिथे काळी माती, आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यात असते तशा जातीची. ज्याने आयुष्यात एकदा तरी काळ्या रानातून चप्पल ओढत चालून पाहिलंय त्याला हा फरक सांगावा लागू नये, मलाच का दिसला नाही देव जाणे. एकट्या मातीवरून "महोडिया" कुणालाच सांगता येणार नाही हे मान्य, पण चार पर्यायांतून बलिया खोडायला ती पुरते, आणि क्विझमध्ये तेवढंच हवं असतं.

यात अजून एक गंमत आहे. महोडियात पंचायत ऑफिसची इमारत आणि ती पाण्याची टाकी, जिच्यावर पहिल्या सीझनच्या शेवटी सचिवजी चढतो, या खऱ्या जागा आहेत, स्टुडिओत उभारलेल्या नाहीत. म्हणजे "गाव काल्पनिक आहे का?" याचं उत्तर हो, आणि "मग सेट आहे का?" याचं उत्तर नाही. आपलं डोकं या दोन प्रश्नांना एकच समजतं. गाव काल्पनिक म्हटलं की आपण थेट फिल्मसिटीवर उडी मारतो. नाव खोटं असतं, विटा खऱ्या असतात.

नंबर प्लेटबद्दल थोडं, कारण आमच्या टीममधला भाचा त्याच्यावर फार विसंबतो. हिरो ज्या गाडीवर बसतो तिची प्लेट बदललेलीच असणार, बलियाची गोष्ट असेल तर यूपी ६० लावतील, ते बघून काही उपयोग नाही. बघायची ती मागून जाणारी, रस्त्याच्या कडेला उभी असलेली, कथेशी देणंघेणं नसलेली गाडी. तिच्यावर एमपी ३७ दिसलं तर सीहोर. पण हल्ली मागच्या प्लेटसुद्धा झाकतात किंवा नंतर पुसट करतात, म्हणून प्लेट दिसली तर बोनस समजायचं, दिसली नाही म्हणून त्यावरून काही अनुमान काढायचं नाही.

आता दुसरं वर्ष, दुसरी आपटी. प्रश्न: मालगुडी डेज कुठे चित्रित झाली? आमच्या टीमने म्हैसूर सांगितलं. का, तर आर. के. नारायण म्हैसूरला राहायचे आणि मालगुडी तर कल्पित गाव, मग लेखक जिथला तिथलंच असणार, असा आमचा तर्क. तर्काला नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं, उत्तर तेवढं चूक होतं. शंकर नाग यांनी १९८६ च्या सुमारास ही मालिका केली ती कर्नाटकातल्या शिवमोग्गा जिल्ह्यातल्या आगुंबे गावात.

ही मालिका वरची दोन ढिगांची पद्धत शिकायला सगळ्यात चांगली आहे म्हणून जरा थांबतो. आगुंबे पश्चिम घाटाच्या अगदी कड्यावर आहे, पाऊस इतका की दक्षिणेचं चेरापुंजी म्हणतात, वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास. इतक्या पावसात घर बांधायचं तर छप्पर उतरतं लागतं, वर कौलं लागतात, ओटी खोल लागते म्हणजे पावसाची झड आत येत नाही. आता मालिकेतली घरं आठवा, उतरती कौलारू छपरं, लाकडी खांब, मधला चौक. आपल्या कोकणातल्या माणसाला ते घर बघून आजोळ आठवतं आणि ते काही उगाच नाही, पाऊस तसाच पडतो म्हणून घर तसंच बांधलं जातं. नारायण यांचं मालगुडी वाचताना मात्र एवढ्या पावसाचं घाटमाथ्यावरचं गाव डोळ्यासमोर येत नाही, तमिळ मुलखातलं बाजाराचं, नदीकाठचं गाव येतं. म्हणजे पुस्तकातलं गाव एकीकडे बोट दाखवतंय आणि छपरं दुसरीकडे. असं झालं की छपराचं ऐकायचं.

आणि याच आगुंब्यात पहिल्या ढिगातल्या वस्तूही आहेत. गावात मधोमध दिसतो तो सर फ्रेडरिक लॉलीचा घोड्यावरचा पुतळा, तो नारायण यांच्या मालगुडीतला, शूटिंगसाठी तयार करून उभा केलेला. म्हणजे पुतळा खोटा, रस्ता खरा, एकाच फ्रेममध्ये. कुणी "हा पुतळा कुठल्या गावात आहे?" असं विचारलं तर त्या प्रश्नालाच अर्थ नाही.

पण खरी मेख रेल्वे स्टेशनात आहे. मालगुडी स्टेशन म्हणून जे दिसतं ते आगुंब्यात नाही, आगुंब्याला रेल्वेच जात नाही. ते अरसाळू स्टेशन, शिवमोग्गा ते तालगुप्पा लाइनीवरचं, जिल्हा तोच पण जागा वेगळी, आणि २०२० मध्ये तिथल्या जुन्या इमारतीत मालगुडी म्युझियम सुरू झालं. त्यामुळे प्रश्न "मालगुडी डेज कुठे शूट झाली" असा असेल तर आगुंबे, "मालगुडी स्टेशन म्हणून कुठलं स्टेशन दाखवलं" असा असेल तर अरसाळू, आणि पर्यायात दोन्ही एकत्र आले तर प्रश्न दुसऱ्यांदा वाचायचा. रेल्वे स्टेशनच्या बाबतीत हे नेहमीच होतं. चालू लाइनीवर दिवसभर शूटिंगला परवानगी मिळणं अवघड, म्हणून स्टेशनचा सीन जिथे गाड्या कमी तिथे जाऊन करतात आणि तो गावाच्या लोकेशनपासून लांब असतो. सिरीजमध्ये स्टेशन दिसलं की ते वेगळ्या ठिकाणचं असण्याची शक्यता धरूनच चालायचं.

आता सेट ओळखणं. इथे आमची पहिल्या वर्षीची चूक झाली होती, तारक मेहताच्या प्रश्नावर, आणि ती जरा वेगळ्या जातीची आहे. गोकुळधाम सोसायटीचा मालिकेतला पत्ता पावडर गल्ली, फिल्मसिटी रोड, गोरेगाव पूर्व. शूटिंगचा सेट गोरेगावच्याच दादासाहेब फाळके चित्रनगरीत. म्हणजे गोष्टीचा पत्ता आणि सेटचा पत्ता एकाच उपनगरात! प्रश्न होता "गोकुळधाम ही खरी सोसायटी आहे की सेट?" आणि आमचे काका, जे स्वतः गोरेगावला वाढलेत, म्हणाले खरी आहे, मी जवळून गेलोय. ते जवळून गेले असतील फिल्मसिटीच्या गेटच्या.

बाहेरचा आवार सेट आहे हे कसं कळतं? सोसायटीत राहणाऱ्या माणसाने फक्त आपल्या बिल्डिंगकडे बघावं. खऱ्या इमारतीवर एसीचे कॉम्प्रेसर कसेही लटकलेले, एकाने ग्रिल बाहेर काढलंय, दुसऱ्याने खिडकीला ताडपत्री बांधलीय, ड्रेनेजच्या पाइपाखाली भिंत हिरवी झालीय, केबलची जाळी या गच्चीवरून त्या गच्चीवर. प्रत्येक कुटुंबाने वीस वर्षांत केलेला आपापला उद्योग असतो तो. सेटवर या गोष्टी लावल्या तरी नेमक्या आणि एकाच हाताने लावल्यासारख्या दिसतात. शिवाय खऱ्या सोसायटीत कॅमेरा कुठेही फिरवला तर शेजारची टोलेजंग बिल्डिंग फ्रेममध्ये घुसतेच, मुंबईत ते टाळणं अशक्य. वर्षानुवर्षं एखाद्या आवारात शेजारची बिल्डिंग दिसत नसेल तर शंका घ्या.

आतला सेट ओळखायचा तर मी तीन ठिकाणी बघतो. पहिलं छत. मल्टिकॅमेरा पद्धतीच्या सेटला छत नसतंच, वरून लाइट लावायचे असतात, त्यामुळे कॅमेरा कधी खालून वर बघत नाही. अख्ख्या सीझनमध्ये घराचा पंखा दिसला नसेल तर तो लावायला छतच नाही. दुसरं, चौथी भिंत. दिवाणखान्याच्या तीन भिंती रोज दिसतात, चौथी जवळजवळ कधीच नाही, सोफ्यावरचे सगळे जण टेबलाच्या एकाच बाजूला बसतात जसं आपण कुणी घरी कधीच बसत नाही. तिसरं, खिडकी. बाहेर झाड आहे पण पान हलत नाही, सकाळी आणि संध्याकाळी उजेड तसाच, कारण बाहेर रंगवलेला किंवा छापलेला पडदा लावलेला असतो. यातलं एक सापडलं तर काही सिद्ध होत नाही, तिन्ही सापडली तर मी सेटवर बोट ठेवतो.

उलट बाजूचं उदाहरण आपल्याच घरातलं, रात्रीस खेळ चाले. ती मालिका २०१६ ला सुरू झाली तेव्हा बऱ्याच जणांना तो वाडा फिल्मसिटीत उभारलाय असं वाटायचं, भुताची मालिका म्हटल्यावर सेटच असणार. पण तो खरा वाडा, सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातला. चिऱ्याचा दगड, लाल माती, आवारातले माड, आणि कॅमेरा फिरतो तेव्हा सगळ्या बाजूंना खरंच काहीतरी असतं, बाहेरून दरवाजातून आत शिरताना कट न करता तो आत जाऊ शकतो. शेवटची खूण लक्षात ठेवा, फार कामाची आहे. बाहेरून आत एकाच सलग शॉटमध्ये पात्र गेलं तर बाहेर आणि आत एकाच ठिकाणी आहे (हल्ली कॉम्प्युटरवर शिवलेले सलग शॉटही असतात, पण रोजच्या मालिकेत कोण एवढा खर्च करतंय). दर वेळी दरवाजावरच कट होत असेल तर आत-बाहेर वेगळं असण्याची दाट शक्यता.

सेट म्हटला की "मग जागा नाहीच" असंही समजू नका, सेटलाही पत्ता असतो. १९८७ सालचं दूरदर्शनवरचं रामायण. अयोध्या, लंका सगळं सेट, पण "कुठे शूट झालं" याचं उत्तर उंबरगाव, गुजरात, आपल्या पालघर जिल्ह्याची हद्द ओलांडली की लगेच. कुणी "अयोध्या" म्हणालं तर तो गोष्टीचा पत्ता, "मुंबई" म्हणालं तर नुसता अंदाज.

सगळ्यात अवघड असतात ते मिश्र प्रकार आणि तिथे क्विझवाले स्वतःच गोंधळतात. याचं माझं आवडतं उदाहरण डाऊन्टन ॲबी, ती ब्रिटिश मालिका, २०१० ते २०१५. गोष्ट घडते यॉर्कशरमध्ये. तो भव्य वाडा म्हणजे हॅम्पशरमधला हायक्लेअर कासल, खरा, आणि दिवाणखाना, जेवणाचा हॉल वगैरे तिथलेच. पण तळघरातलं स्वयंपाकघर आणि नोकरांची जागा लंडनमधल्या ईलिंग स्टुडिओत बांधलेला सेट. गावातले रस्ते आणि चर्च ऑक्सफर्डशरमधल्या बॅम्प्टन गावातले. स्टेशन ससेक्समधलं हॉर्स्टेड कीन्स, जिथे वाफेच्या इंजिनाची जुनी लाइन जपून चालवतात. एकाच वाड्यात नोकर ताट घेऊन खालून जिना चढतो तेव्हा तो लंडनच्या स्टुडिओतून निघालेला असतो आणि वर पोचतो तो हॅम्पशरमध्ये, मधे तासाभराहून जास्त ड्राइव्ह, जेवण गार होत असणार! आता "डाऊन्टन ॲबी कुठे शूट झाली" असा प्रश्न आला तर अपेक्षित उत्तर हायक्लेअर कासल, हे जवळजवळ नक्की. पण "श्रीमती पॅटमोरचं स्वयंपाकघर कुठे आहे" असं विचारलं आणि तुम्ही हायक्लेअर म्हणालात तर गेले मार्क. मिश्र प्रकारात प्रश्नातलं नाम पकडायचं: मालिका, वाडा, गाव, स्टेशन, खोली, प्रत्येकाचं उत्तर वेगळं.

फ्रेंड्स याच घराण्यातली. न्यूयॉर्कमध्ये बेडफर्ड आणि ग्रोव्ह स्ट्रीटच्या कोपऱ्यावर ती बिल्डिंग खरीच उभी आहे, लोक खाली फोटो काढतात, पण तिचा फक्त बाहेरचा शॉट वापरलाय. अपार्टमेंट, कॉफी हाउस सगळं कॅलिफोर्नियात बरबँकला वॉर्नर ब्रदर्सच्या स्टुडिओत. दोन सीनच्या मधे दोन सेकंद इमारत दिसते, तिच्यासमोर आपल्या पात्रांपैकी एकही जण उभा नसतो, तो शॉट वेगळा काढून आणलेला समजायचा. "आउटसाइड शॉट खरा, माणसं सेटवर" हे पाश्चात्त्य कॉमेडी मालिकांत इतकं होतं की माहिती नसेल तर मी डोळे मिटून तेच धरतो.

एक छोटा सापळा, पहिला एपिसोड. बऱ्याच मालिकांचा पायलट आधी वेगळ्या ठिकाणी काढतात, मालिका मंजूर झाली की मग कायमची जागा. गिलमोर गर्ल्समधलं स्टार्स हॉलो हे कनेटिकटमधलं कल्पित गाव, पायलट कॅनडात ऑन्टारियोमधल्या युनियनव्हिलला, नंतरचं सगळं बरबँकच्या स्टुडिओच्या आवारात उभारलेल्या गावात. प्रश्नात "पायलट" हा शब्द असेल तर तो उगाच नसतो.

आता क्विझच्या आधी तयारी करताना पडताळायचं कसं, कारण गूगलवर "शूटिंग लोकेशन" टाकलं की पहिल्या पाच लेखांत तीन लेख एकमेकांची चूक उतरवलेले असतात. मी सगळ्यात आधी शेवटची श्रेयनामावली बघतो, जी आपण "पुढचा एपिसोड" दाबून कधीच बघत नाही. तिथे आभार असतात, कुठल्या ग्रामपंचायतीचे, कुठल्या जिल्हा प्रशासनाचे, कुठल्या राज्याच्या पर्यटन मंडळाचे. गोष्ट उत्तर प्रदेशातली आणि आभार मध्य प्रदेशातल्या अधिकाऱ्यांचे, मग झालंच की. अमेरिकेत जॉर्जिया राज्य करसवलत देतं आणि जास्तीच्या सवलतीसाठी शेवटी त्यांचं पीच फळाचं चिन्ह दाखवावं लागतं. स्ट्रेंजर थिंग्जचं हॉकिन्स गोष्टीत इंडियाना राज्यात आहे, शूटिंग मात्र जॉर्जियातल्या जॅक्सन गावात आणि अटलांटाच्या आसपास, हे आधी ठाऊक नसलं तरी असं चिन्ह दिशा दाखवतं. फक्त आभारावरून राज्य किंवा जिल्हा कळतो, नेमका सीन कुठला ते कळत नाही.

दुसरं म्हणजे विकिडेटा. तिथे गोष्टीच्या जागेसाठी आणि चित्रीकरणाच्या जागेसाठी वेगवेगळे रकाने आहेत, `narrative location` चा क्रमांक `P840` आणि `filming location` चा `P915`. ज्या घोळाने आमचे तीन वर्षं मार्क गेले तो त्या लोकांनी दोन रकाने करून सोडवलाय. अडचण एवढीच की भारतीय मालिकांचा दुसरा रकाना बऱ्याचदा रिकामा असतो आणि भरणारेही आपल्यासारखेच हौशी असतात. आयएमडीबीवरच्या लोकेशनच्या यादीचंही तेच, ती लोकांनी भरलेली असते, म्हणून जागेपुढे कंसात सीनचं नाव दिलंय का ते बघा. नुसतं "मुंबई" लिहिलेलं असेल तर त्यावर विसंबू नका, ते प्रॉडक्शन कंपनीच्या ऑफिसवरूनही कुणी लिहिलेलं असू शकतं. नकाशावरच्या पिनांबाबत पण जपून, चाहते गोष्टीतल्या नावाने पिन टाकतात, ती खऱ्या गावावर पडलेली असेल तर उपयोगी, पण पिन आहे म्हणजे त्या नावाचं गाव आहे असं नाही.

प्रत्यक्ष बझरच्या वेळी एवढं सगळं आठवत नाही, वेळ असतो तीस सेकंद. तेव्हा मी आता एकच करतो, जे उत्तर सगळ्यात आधी तोंडात येतं ते गोष्टीतलं नाव आहे का हे स्वतःला विचारतो. असेल तर ते खोडायचं, कारण गोष्टीतलंच नाव उत्तर असतं तर प्रश्न कुणी विचारलाच नसता. याला अपवाद आहेत, ब्रेकिंग बॅड अल्बुकर्कीत घडते आणि अल्बुकर्कीतच शूट झाली, तिथे हा नियम तोंडावर पाडतो. पण क्विझवाल्याला सोपा प्रश्न काढायचा असेल तरच तो असली मालिका घेतो, आणि सोपा प्रश्न सहसा पहिल्या राउंडला येतो. शेवटच्या राउंडला आला तर खोडाच.

आणि प्रश्नच धड नसेल तर बझर दाबायच्या आधी विचारायचं, "बाहेरचं चित्रीकरण विचारताय की आतलं?" आमच्याकडे नियमात स्पष्टीकरण मागायला परवानगी आहे, मार्क जात नाहीत, हे मला तीन वर्षांनी कळलं. वहिनीला पहिल्यापासून माहिती होतं म्हणे, फक्त मी बझर इतक्या लवकर दाबतो की तिला विचारायला वेळच मिळाला नाही. पुढच्या वर्षी बझर तिच्या हातात.